भिंतीला टेकलेलं कपाट

दसऱ्याच्या दिवशी सुताराला कामाला बोलवायला जो येतो, त्याला एक तर अक्कल नसते किंवा त्याच्या घराला आग लागलेली असते. त्या वर्षी, म्हणजे एकतीस साली, नथ्थू पाटलाचा सालदार गडी माझ्या दारात येऊन उभा राहिला. मी नुकतीच करवत, वाकस, रंधा, गिरमिट पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं होतं.

"मिस्तरी, दगूमायनं कपाट उघडत नही. दार फसी गयं. पाटीलनी लगेच बलायं शे," तो म्हणाला.

"उद्या येस म्हनावं," मी म्हणालो.

"दगूमाय रडी ऱ्हायनी."

मग काय करणार? माझी बायको सुगंधा आतून ओरडली, "हत्यार पूजामा शेतस, हात लावू नका!" म्हणून पूजेत न मांडलेली एक बोथट पटाशी कोनाड्यातून काढली आणि पागोटं बांधत निघालो. मनातून मी चिडलो होतो. तसा मी चिडतोच, गावाला ते नवीन नाही. पण चिडण्याच्या तळाशी थोडी धाकधूकही होती, आणि तिचं कारण मला एकट्यालाच ठाऊक होतं.

ते कारण सांगायचं तर आधी कपाटाचं सांगायला हवं.

प्रकाशा गावाच्या खालच्या अंगाला तापीकाठी आमचं गाव. गाव गुजर शेतकऱ्यांचं, कापसाचं आणि केळीचं. दगूमाय त्यातल्याच मोठ्या घरची, नथ्थू पाटलाची चुलती. तिचा एकुलता एक मुलगा पितांबर आमच्या शाळेत मास्तर होता. चार बुकं मला त्यानंच शिकवली. दुपारची शाळा सुटली की हा माणूस घरोघर बायकांच्या जात्यापाशी जाऊन बसायचा आणि त्या दळताना ज्या ओव्या म्हणत त्या लिहून घ्यायचा. लोक हसायचे. मास्तर पिठाचा वास घेत फिरतो म्हणायचे. पण सात वर्षांत त्यानं सोळा वह्या भरल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त ओव्या त्याच्या आईच्या, दगूमायच्या होत्या. तिच्याकडे ओव्यांची कणगीच होती. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण तिच्या तोंडून निघालेला शब्द पोरानं कागदावर धरून ठेवला याचा तिला कोण अभिमान! मग लढाई संपली त्या साली तापाची साथ आली, आणि पितांबर चार दिवसांत गेला. त्या दिवसापासून दगूमायनं जात्यावर तोंड उघडलं नाही.

त्या वह्यांसाठी तिनं माझ्याकडून कपाट करून घेतलं. सागाचं, दोन दारांचं, तीन खणांचं. मी जीव ओतून केलं. पण मागच्या बाजूला सहा फळ्या लागत होत्या आणि माझ्याकडे गाभ्याच्या पाचच निघाल्या. सहावीच्या कडेला दोन बोटं पांढरं लाकूड होतं. सागाचा गाभा तेलकट, कडू, त्याला वाळवी, आमच्याकडची उधई, सहसा तोंड लावत नाही. बाहेरचं पांढरं लाकूड मात्र तिला गोडच लागतं. मला हे ठाऊक होतं. ती बाजू पाठीमागे जाईल, कोण बघतंय, असं म्हणून मी ती फळी ठोकली. बारा वर्षं ती मला टोचत होती.

म्हणूनच की काय, कपाट बसवताना मी जास्तच काळजी घेतली. माजघराच्या मधोमध, दगडी खांबाजवळ ते उभं केलं. कोणत्याही भिंतीपासून किमान वीतभर लांब. चारी पायांखाली पाथरवटाकडून दगडी वाट्या करून घेतल्या. वाटीत पाणी आणि त्यावर चार थेंब घासलेट. दगूमायला बसवून सांगितलं, "माय, उधई मातीतून येते. तिला मातीची वाट बांधल्याशिवाय चालता येत नाही. पाय पाण्यात, पाठ भिंतीपासून सुटी, म्हणजे तिला वाट नाही. वाट्यांतलं पाणी आठ दिवसांनी बदलायचं, कचरा साठू द्यायचा नाही. अमावास्या झाली की वह्या बाहेर काढायच्या, पानं उलटायची, फडक्यानं झटकायच्या, सावलीत वारा द्यायचा. कागद खाणाऱ्या कसरीला अंधार आणि शांतता लागते. तिला शांतता द्यायची नाही."

माझ्या डोळ्यांदेखत दगूमायनं ते दहा वर्षं व्रतासारखं पाळलं. वाचता येत नसताना ती पान न् पान उलटायची, आणि वही उलटी धरली तरी तिला ते कळायचं नाही. मला दोनदा हसू आलं होतं, मग पुन्हा आलं नाही.

तर असं ते कपाट. त्यानंतर गेली दोन वर्षं मी त्या माजघरात पाऊल टाकलं नव्हतं. परक्या पुरुषाचं तिथे काय काम?

मी पोचलो तर माजघरात नथ्थू पाटील पागोटं काढून उभा. दगूमाय भिंतीशी बसलेली, डोळे लाल. समोर पूजेचं ताट, आपट्याची पानं. वह्यांची पूजा करायची होती आणि दार उघडत नव्हतं.

पण मी दाराकडे बघितलंच नाही. कपाट जागेवर नव्हतं. खांबाजवळची जागा मोकळी, आणि कपाट पश्चिमेच्या भिंतीला पाठ चिकटवून उभं. पाय थेट जमिनीवर. शेणानं सारवलेली जमीन पायांवर बोटभर चढलेली. वाट्या कुठेच नाहीत.

दारावर बोटाच्या पेराने टकटक केलं. सागाचं भरीव लाकूड कसं बोलतं ते मला माहीत आहे. खालच्या अंगाला आवाज पोकळ आला. दाराच्या फटीत ओली माती भरली होती, बारीक, थुंकीने लिंपल्यासारखी. दार लाकूड फुगून अडकलं नव्हतं. आतून कुणीतरी ते बंद केलं होतं.

"पाटील, मागे सरा," मी म्हणालो आणि पटाशी फटीत घातली.

दार कर्र करून सुटलं. मातीचे पापुद्रे खाली पडले आणि त्यातून पांढऱ्या अळ्यांसारखी वाळवी उजेडाला भिऊन सैरावैरा धावली. खालच्या खणात मांजरपाटात गुंडाळलेलं गाठोडं होतं. मी हात लावला तर कापड हातात आलं आणि आत माती. नऊ वह्यांच्या जागी मातीचे थर, मधे मधे पुठ्ठ्याचा एखादा कोपरा. एका वहीचं वरचं पान शाबूत होतं, शाई नीट, पितांबरच्या हातचं. मी ते उचललं, तर त्याखाली काहीच नव्हतं. नुसती पोकळी.

दगूमाय उठली. ती वही तिनं माझ्या हातातून घेतली, पान उचललं, आणि आत बघितलं.

"मन्हा आंडोर आज परत मरना," ती म्हणाली.

तिच्या पोटच्या पोराबद्दल तिनं हे म्हटलं. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. पण जमिनीच्या आतलेच लोक बाहेर आले होते.

पहिला आवाज नथ्थू पाटलाचा. "लोटन, हाई सागनं लाकूड म्हनीसन दिन्हं तू? बारा वरीसमा उधई खाई गयी?"

"पाटील, लाकूड—"

"लाकूडमाच उधई व्हती! सडेल माल लायं तू, आनि काकूले फसाडं!" तो पुढे आला. "ऐक. सांजले सोनं लुटाले शिववर जावाना पहिले माले जबाब पाहिजे. नहीते या गावनं बलुतं तुन्हं नही. शहादाना दुसरा सुतार आनसूत."

दसऱ्याला संध्याकाळी सगळं गाव शिवेवर जातं. तिथे सगळ्यांसमोर पाटील जे बोलेल ते झालं. माझ्या आज्यापासून या गावाचं सुतारकाम आमच्याकडे. नांगर, पाभर, बैलगाडी, चौकटी, तिरडीसुद्धा. खळ्यावर धान्याचा पहिला वाटा सुताराचा. ते गेलं म्हणजे भाकर गेली, आणि भाकरीपेक्षा वाईट म्हणजे नाव गेलं. लबाड सुतार. तापीच्या दोन्ही काठांवर हे आठ दिवसांत पोचलं असतं.

सूर्य डोक्यावरून थोडा कलला होता. मी म्हणालो, "पाटील, रेवजीबाबाले बलावा. आनि कपाटले कोन्ही हात लावू नका. जठे शे तठेच ऱ्हाऊ द्या."

रेवजीबाबा गावातला सगळ्यात म्हातारा शेतकरी, पंचातला. त्याचा शब्द पाटीलही मोडत नसे. सालदार त्याला आणायला गेला.

तोवर मी कपाटाच्या कडेला उकिडवा बसून मागच्या फटीत डोळा लावला. भिंत आणि कपाट यांच्यामध्ये नखाइतकी जागा. त्या जागेत, गुडघ्याच्या उंचीवर, भिंतीतून निघून फळीत शिरलेली बोटाइतकी जाड मातीची नळी दिसली. आणि ती फळी सहावी होती. माझी सहावी फळी. पांढरी कड पोखरून कागदासारखी झाली होती. तिच्या शेजारचा गाभा जसाच्या तसा.

हात लावू नका असं मीच सांगितलं होतं. आता रेवजीबाबा येणार, मी कपाट ओढून दाखवणार, आणि पहिली नजर त्या पांढऱ्या पट्टीवर जाणार. तिथेच सगळं संपलं. पुढे मी नळी दाखवो की ब्रह्मदेव दाखवो, कुणी ऐकणार नाही. दोन बोटं लाकूड! पटाशीनं ती कड खरवडून टाकायला तीन फटके पुरले असते. पटाशी हातात होती. नथ्थू ओसरीवर होता. दगूमाय वही मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत होती.

मी हात लावला नाही. शहाणपणानं नव्हे, हे खरं सांगतो. अंगणात काठीची टकटक ऐकू आली म्हणून.

रेवजीबाबा काठी टेकत आला. त्यानं आधी दगूमायच्या डोक्यावर हात ठेवला, मग कपाटात वाकून बघितलं आणि जीभ चुकचुकवली. नथ्थू बोलायला लागला तेवढ्यात मी मध्ये तोंड घातलं. पाटलाच्या आधी बोललो, हाही माझा गुन्हाच धरला गेला असता.

"बाबा, पहिले मन्ही चूक सांगस. या कपाटनी पाठले सहा फळ्या शेतस. सहावीनी कडले दोन बोट पांढरं लाकूड शे. ते माले माहीत व्हतं. ते मी लायं."

"देखा!" नथ्थू ओरडला. "आपला तोंडे कबूल कयं! आते काय ऱ्हायनं?"

"आते उधई कोठून उनी ते ऱ्हायनं," मी म्हणालो, आणि माझा आवाज चढला. "पाटील, माझी चूक दोन बोटांची आहे. ती मी पदरात घेतली. पण या दोन बोटांत उधईचं घर असतं, तर तिला वह्या खायला बारा वर्षं का लागली असती? पहिल्याच पावसाळ्यात फडशा पाडला असता. पहिली दहा वर्षं एका पानाला भोक पडलं नाही. विचारा मायला!"

हे बोलताना मी शाळेत शिकलेल्या मराठीवर गेलो होतो. रागावलो की मी पितांबर मास्तरच्या भाषेत बोलतो. रेवजीबाबानं हात वर करून मला थांबवलं आणि म्हणाला, "लोटन, दखाड."

सालदार आणि मी मिळून कपाट पुढे ओढलं. मागची नळी तुटली आणि भिंतीतल्या भोकातून ओलसर माती गळली. मी चिमूटभर उचलून रेवजीबाबाच्या तळहातावर ठेवली.

"बाबा, रंग देखा."

माती काळी होती. आमच्या गावठाणाची माती पांढरी. या घराच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, जमिनीखाली पिवळा मुरूम. काळी माती घरात येईल कशी? काळी म्हणजे शेताची.

"उधई ज्या जागेतून निघते तिथली माती तोंडात धरून आणते. वाट बांधायला तिला दुसरं काही मिळत नाही. ही माती शेतातली आहे. शेत या भिंतीपलीकडे कुठे आहे, ते बघायला चला."

भिंतीपलीकडे म्हणजे नथ्थू पाटलाच्या वाड्याची मागची पडवी. हे मला ठाऊक होतं आणि त्यालाही. त्याचा चेहरा जरा उतरला. बाहेर आलो. पश्चिमेच्या भिंतीला लागून पुरुषभर उंच पऱ्हाट्यांची गंजी रचलेली. कापूस वेचून झाला की झाडं मुळासकट उपटतात आणि जळणाला साठवतात. मुळांना शेताची काळी माती चिकटलेली असते. शेजारीच पाण्याचा रांजण, त्याच्या बुडाखाली बारा महिने ओल.

मी वरच्या पऱ्हाट्या बाजूला केल्या. त्या कोरड्या, खणखणीत. खालचा थर उचलला आणि तो हातात चुरगळला. काड्यांच्या आत माती भरलेली, आणि मातीत वळवळ. मुळांपासून एक काळी नळी निघून पांढऱ्या भिंतीवर वीतभर चढून भिंतीत शिरली होती. नेमकी कपाटाच्या पाठीसमोर.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? रेवजीबाबानं काठीनं ती नळी खरवडली आणि नथ्थूकडे बघितलं.

नथ्थू पाटील गप्प बसणाऱ्यातला नव्हे. "गंजी दर वरीस आठेच ऱ्हास. मन्हा बाप बी आठेच रचे. दहा वरीस उधई भीतमा काबरं नही शिरनी? सांग!"

"शिरली असेल. भिंतीत शिरून तिला काय मिळणार होतं? माती. आत कपाट भिंतीपासून लांब होतं, पाय पाण्यात होते. वाट संपली की ती परत जाते. आता तिला आतून कुणीतरी हात दिला. कपाट भिंतीला टेकवलं, वाट्या काढल्या. माझी पांढरी कड तिला पहिल्या घासाला मिळाली, हेही खरं."

"कपाट मन्हा मानसेंनी हालाडं," नथ्थू एकदम खालच्या आवाजात म्हणाला. "आखाजीले. माले सांगेल व्हतं म्हनीसन."

"कोनी सांगेल व्हतं?" रेवजीबाबानं विचारलं.

आणि इथे मी थांबलो. कारण उत्तर मला आता कळलं होतं. माजघरातली वस्तू तिच्या सांगण्याशिवाय कोण हलवणार? तोंडावर आलेला शब्द मी गिळला. दोन क्षण मला माझी बाजू जिंकायचीही इच्छा उरली नाही. पण बलुतं, पोरं, आज्याचं नाव, हेही समोर उभं होतं.

मागून आवाज आला. "मी सांगेल व्हतं."

दगूमाय दारात उभी होती. ती आमच्या मागोमाग आली होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

तिनं जे सांगितलं ते असं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शहाद्याकडून एक बुवा पुराण सांगायला आले होते. त्यांनी वह्या बघितल्या, पितांबरचं कौतुक केलं आणि म्हणाले, बाई, हे ग्रंथ आहेत, मुलाचा आत्मा आहे यात. ग्रंथाचं तोंड पूर्वेला हवं. पायाशी घासलेट कसं चालेल? देवाच्या जवळ दुर्गंधी? आणि येता-जाता हाताळू नये, नव्या कोऱ्या वस्त्रात बांधून ठेवावे, पावसाळ्यात तर बोटही लावू नये. दसऱ्याला पूजा करून मग सोडावे. तिनं ऐकलं. पूर्वेला तोंड करायचं तर पाठ पश्चिमेच्या भिंतीलाच जाणार. वाट्या तिनं स्वतः काढल्या. नवा मांजरपाट आणला, न धुताच गुंडाळला, कारण कोरं वस्त्र म्हणजे न धुतलेलं. त्या कापडाला खळ होती, आणि खळ म्हणजे कसरीला पंगत. दर अमावास्येला पानं उलटणारी बाई पाच महिने रोज बंद दाराला हात जोडत होती आणि आठ दिवसांनी कपाटाच्या पायापर्यंत नीट सारवत होती.

"मी पूजा कयी रे," ती म्हणाली. "मी दुसरं काय बी नही कयं."

त्या बुवावर मला असा राग आला की तो समोर असता तर काय केलं असतं सांगता येत नाही. पण तो लांब कुठेतरी प्रवचन करत होता. समोर दगूमाय होती. मी म्हणालो, "माय, दोन बोट पांढरं लाकूड मी लायं." दुसरं काही सुचलंच नाही. ती माझ्याकडे बघून नुसती मान हलवत राहिली.

रेवजीबाबानं निकाल दिला, तो असा की गंजी आजच्या आज भिंतीपासून दहा पावलं लांब जाईल, रांजणही हलेल, आणि लोटन सहावी फळी बदलून देईल. बलुत्याचा विषय त्यानं काढलाच नाही, म्हणजे तो संपला. नथ्थू पाटलानं माझी माफी मागितली नाही. पाटील मागत नसतात. पण त्यानं सालदाराला हाक मारली आणि पहिल्या पऱ्हाट्या स्वतः उचलल्या.

मी जिंकलो होतो. आयुष्यात इतकं वाईट कधी वाटलं नाही.

संध्याकाळी गाव शिवेवर गेलं. मी गेलो नाही. ओसरीवर उजेड होता तोवर दगूमाय आणि मी उरलेल्या वह्या बघत बसलो. वरच्या दोन खणांत सात वह्या होत्या. तिथवर वाळवी पोचली नव्हती, पण मांजरपाट उलगडला की चांदीच्या रंगाची, मासोळीसारखी चपळ कसर सरसर पळत होती. तिनं पानांच्या कडा कुरतडल्या होत्या, शिवणीजवळची खळ चाटली होती, कुठे अक्षरांवरून पापुद्रा काढावा तसा कागद पातळ केला होता. मी एकेक पान उलटून, मऊ फडक्यानं झटकून फळीवर सावलीत उभं करत होतो. कापड जाळायला बाजूला टाकलं. बऱ्याच ओव्यांची पहिली ओळ वाचता येत होती. दुसरी कडेला गेलेली, म्हणून कसरीच्या पोटात गेलेली.

मला कल्पना सुचली, आणि मला वाटलं ही फार चांगली कल्पना आहे. म्हणालो, "माय, मी पहिली ओळ वाचस. दुसरी तू सांग. मी लिही लेस. तुन्ह्याच ओव्या शेतस ना."

ती सावरून बसली. डोळ्यांत थोडं तेज आलं. मी वाचलं:

"तापीमाय पूर चढना, भाऊ मन्हा पैलतीरले..."

लगेच, जात्याचा खुंटा हातात असल्यासारखी पुढे झुकून ती म्हणाली, "नाववाला दादा, माले ली चाल माहेरले." तेरा वर्षांनी तिचा तो आवाज मी ऐकला. मी पेन्सिलीनं लिहिलं.

दुसरी वाचली, आखाजीच्या सणाची. ती थोडा वेळ ओठ हलवत राहिली, मग अर्धी सांगितली. उरलेली अर्धी तिला आली नाही. तिसरी आली नाही. चौथी आली नाही. पाचवी आली, पण ती दुसऱ्याच ओवीची होती, हे तिलाच मध्ये कळलं आणि ती थांबली.

"असं कसं व्हयनं?" मी म्हणालो. "तुले ते रातभर पुऱ्या न व्हतीन इतल्या याद व्हत्यात."

"व्हत्यात," ती म्हणाली. "पन पितांबरनी लिही लिन्ह्यात ना रे. कागदवर शेतस म्हनीसन मी म्हननं सोडी दिन्हं. कपाटमा शेतस, कोठे जातस, असं वाटे."

शेवटच्या वहीत, अगदी शेवटच्या पानावर, एक ओवी होती. अक्षर घाईचं. तापात लिहिली असावी.

"पितांबर मन्हा शायमा, पाटी लीसन बसना..."

पुढे कागद नव्हता. कड अर्धचंद्रासारखी खाल्लेली. मी मान वर केली. दगूमाय माझ्या तोंडाकडे बघत होती. तिचे ओठ हलले, थांबले, परत हलले. ही ओवी तिनं शाळेतल्या लेकावर रचलेली, लेकानं स्वतः लिहून घेतलेली. ती शोधत होती आणि तिला ती सापडत नव्हती. तिचा चेहरा घाबरलेल्या पोरीसारखा झाला.

"फुडे काय व्हतं रे?" तिनं माझं मनगट धरलं. "तू ते त्याना शायमा शिकेल शेस. तुले वाचता येस. वाच ना, लोटन. फुडे काय लिहेल शे?"

शिवेकडून वाजंत्रीचा आवाज येत होता. मी पान उजेडाकडे धरलं, तिच्यासाठी, आणि कागद नव्हता त्या जागी वाचत असल्यासारखा बघत बसलो.